सहा वर्षं आधी येणारा झटका

१४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरण आटोपून घरी परतल्यावर अभिनेते श्रेयस तळपदे यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ४७. तातडीनं अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. त्याआधी दोन वर्षं, २९ ऑक्टोबर २०२१ रोजी, कन्नड चित्रपटांचे लाडके नायक पुनीत राजकुमार बेंगळुरूत वयाच्या ४६व्या वर्षी गेले. अशी बातमी आली की लोक कारण शोधू लागतात. कुणी व्यायामशाळेला दोष देतं, कुणी करोनाच्या लशीला, कुणी कामाच्या ताणाला. शेवटी ‘नशीब’ किंवा ‘आपल्या लोकांचं रक्तच तसं’ असं म्हणून विषय संपतो.

या दोघांच्या प्रकृतीचं निदान बाहेरून करणं योग्य नाही. पण भारतीय उपखंडातल्या पुरुषांना हा झटका इतक्या लवकर का येतो, या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी सापडलेलं आहे, आणि ते शोधण्यात नागपूरच्या एका डॉक्टरचा मोठा वाटा आहे.

‘इंटरहार्ट’ नावाचा एक प्रचंड अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातील डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत पहिला झटका आलेले सुमारे पंधरा हजार रुग्ण आणि साधारण तितकीच झटका न आलेली माणसं तपासली गेली. त्यातला दक्षिण आशियाचा भाग वेगळा काढून त्याचं विश्लेषण २००७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलं. त्याचे पहिले लेखक होते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ या पाच देशांतल्या १७३२ रुग्णांची माहिती त्यात होती.

त्यातला एक आकडा धडकी भरवणारा आहे. पहिला झटका येण्याचं सरासरी वय आपल्याकडे ५३ होतं आणि इतर देशांत जवळजवळ ५९. म्हणजे आपल्याकडे झटका सुमारे सहा वर्षं आधी येत होता.

दुसरा निष्कर्ष यापेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. तंबाखू, रक्तातली घातक चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, हालचालीचा अभाव आणि दारू अशा नऊ गोष्टी संशोधकांनी मोजल्या होत्या. या नऊ गोष्टींचा हिशेब वजा करून पाहिल्यावर, झटका चाळिशीच्या आत येण्याची शक्यता दक्षिण आशियाई आणि इतर रुग्णांमध्ये जवळपास सारखीच निघाली. उपखंडातल्या झटक्यांपैकी सुमारे ८६ टक्के झटक्यांचा संबंध याच नऊ गोष्टींशी लागत होता. यात अनोळखी असं काहीच नाही. इतर देशांतल्या माणसाला जी कारणं गाठतात तीच आपल्याला काही वर्षं आधी गाठतात, एवढाच फरक. साठ वर्षांखालच्या वयोगटात आपल्या लोकांमध्ये ही कारणं इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आढळली.

मग ती इतक्या लवकर येतात कशी, आणि येऊनही दिसत का नाहीत? हे समजायला एक नमुन्याचा माणूस घेऊ. तो कुणी एक खरा इसम नाही, पण असे रुग्ण हृदयरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत नेहमी दिसतात.

समजा, तो बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीनं काम करतो. वय ४२, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. अंगानं सडपातळच म्हणायचा. थोडंसं पोट आहे, पण ते कुणाला नाही? दिवसाला दोन खर्रे आणि चहाबरोबर चार-पाच सिगारेटी. वडिलांना पन्नाशीत झटका आला होता. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याचा रक्तदाब १३८/८८ निघाला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा एचबीए१सी ६.१. कोलेस्टेरॉल एकूण २१४. त्यात घातक मानलं जाणारं एलडीएल १३८, संरक्षण देणारं एचडीएल ३४ आणि ट्रायग्लिसराइड २१०. डॉक्टरांनी सांगितलं, ‘सगळं बॉर्डरवर आहे, जरा तेल-तूप कमी करा.’ त्यानं रिपोर्ट फाइलला लावला आणि कामाला लागला.

या माणसाच्या शरीरात काय चाललंय ते वजनकाट्यावर दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे अवघ्या दोन माणसांच्या तुलनेतून जगाला पटवलं. लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. हे दोघांचं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं. पाहणाऱ्याला दोघं सारखेच सडपातळ दिसतात.

याची मुळं जन्माआधीपर्यंत जातात. पुणे परिसरातल्या खेड्यांमध्ये १९९०च्या दशकात याज्ञिक यांच्या गटानं गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ती बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजनात इतका फरक असूनही इथल्या बाळांची कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. स्नायू कमी म्हणजे जेवणानंतर रक्तातली साखर सामावून घ्यायला जागा कमी. पुढे बैठं काम आणि भात, पोळी, साखर यांचा भरणा झाला की जादा साखरेची चरबी बनते, आणि ती पोटातल्या अवयवांभोवती आणि यकृतात साठते. अशा चरबीनं इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, ट्रायग्लिसराइड वाढतं, एचडीएल घसरतं आणि रक्तदाब वर सरकतो. म्हणूनच आशियाई लोकांसाठी २३च्या पुढचा बॉडी मास इंडेक्स जादा वजन मानतात आणि पुरुषाच्या पोटाच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात. बुटीबोरीच्या आपल्या माणसाचा इंडेक्स २३.४ आणि घेर ९४. दोन्ही मर्यादा त्यानं ओलांडल्या आहेत. कंपनीच्या तपासणीत मात्र कुणी टेप लावलीच नव्हती.

आता त्याच्या रक्ताकडे पाहू. १३८ हे एलडीएल फार भीतिदायक वाटत नाही. पण हा आकडा एलडीएलच्या कणांमध्ये एकूण किती कोलेस्टेरॉल भरलंय ते सांगतो, कण किती आहेत ते सांगत नाही. ट्रायग्लिसराइड जास्त असलं की कण लहान होतात. मग तेवढाच माल वाहायला गाड्या जास्त लागतात, आणि धमनीच्या भिंतीत घुसते ती गाडी. प्रत्येक घातक कणावर ‘अपो-बी’ या प्रथिनाचा एकच रेणू असतो. त्यामुळे अपो-बी मोजलं की कणांची संख्या कळते. इंटरहार्टमध्ये उपखंडातल्या माणसांत अपो-बी आणि संरक्षक अपो-ए१ यांचं प्रमाण इतर देशांपेक्षा अधिक वेळा बिघडलेलं आढळलं, आणि झटक्याशी सर्वांत घट्ट संबंध असलेल्या गोष्टींत त्याचं स्थान वरचं होतं. अपो-बीची चाचणी प्रत्येक ठिकाणी होत नाही, पण एक सोपी वाट आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं. २१४ मधून ३४ गेले, उरले १८०. याला ‘नॉन-एचडीएल’ म्हणतात. हा आकडा १३०च्या आत असावा असं साधारणपणे मानतात. ज्या रिपोर्टला ‘बॉर्डर’ म्हणून सोडून दिलं होतं, तो या वजाबाकीनंतर बॉर्डरवर राहत नाही.

तिसरी गोष्ट त्याच्या खिशातल्या पुडीत आहे. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा विदर्भात पानठेल्यापानठेल्यावर मिळतो. पश्चिम महाराष्ट्रात त्याचाच भाऊबंद मावा. सिगारेट हृदयाला वाईट हे सगळे मानतात, पण चघळायच्या तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. इंटरहार्टची तंबाखूविषयीची माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा नुसता तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली आणि ओढणं-चघळणं दोन्ही करणाऱ्यांमध्ये चौपट. बिडीही सिगारेटपेक्षा सौम्य ठरली नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रेम पैस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी वा बिड्या ओढणाऱ्यांमध्ये झटक्याची शक्यता सहा पटींहून अधिक होती. देशात २०१६-१७ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीनुसार ४२ टक्के प्रौढ पुरुष कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांच्यात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे जास्त होते.

या साऱ्या गोष्टी एकत्र आल्या की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. इंटरहार्टमध्ये धूम्रपान, मधुमेह आणि उच्च रक्तदाब तिन्ही असलेल्या माणसाला झटक्याची शक्यता यातलं काहीही नसलेल्या माणसाच्या तुलनेत सुमारे १३ पट होती. त्यात घातक चरबीचं बिघडलेलं प्रमाण मिळवलं की ४२ पट. आपला माणूस मधुमेहाच्या काठावर आहे, पूर्ण मधुमेही नाही. त्याचा आकडा इतका मोठा येणार नाही. पण हिशेबाची रीत तीच. प्रत्येक रिपोर्ट वेगळा पाहणाऱ्या डॉक्टरला पाच किरकोळ तक्रारी दिसतात, तर त्याच्या धमन्या वीस वर्षं त्या पाचही एकत्र सोसत असतात.

आनुवंशिकतेचं काय? तिचा वाटा आहेच, पण तोही मोजता येतो. लायपोप्रोटीन-ए नावाचा, एलडीएलसारखाच पण जास्त चिकट कण काही घराण्यांत जन्मतःच जास्त असतो. इंटरहार्टच्याच रक्तनमुन्यांवरून २०१९ मध्ये दिसलं की दक्षिण आशियाई लोकांमध्ये याची पातळी ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर झटक्याची शक्यता दुपटीनं वाढते, आणि लोकसंख्येतल्या साधारण दहापैकी एका झटक्याशी याचा संबंध लागतो. ही पातळी आहार-व्यायामानं फारशी बदलत नाही आणि आयुष्यभर जवळपास तितकीच राहते, म्हणून ती एकदाच मोजली तरी चालते. जास्त निघाली तर बाकीच्या सगळ्या गोष्टी, विशेषतः एलडीएल, इतरांपेक्षा अधिक खाली आणाव्या लागतात.

लशीबद्दल आणि व्यायामाबद्दलही ठोस माहिती आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी निरोगी असलेल्या पण अचानक दगावलेल्या ७२९ जणांची तुलना जिवंत असलेल्या २९१६ जणांशी केली. देशभरातली ४७ रुग्णालयं त्यात सहभागी होती. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये तो कमीच होता. धोका वाढला तो करोनानं रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांमध्ये, घरात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांमध्ये, आणि मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत बेसुमार दारू पिणाऱ्या किंवा फार जोरकस व्यायाम करणाऱ्यांमध्ये. नियमित चालणारा माणूस यात बसत नाही. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम जोर लावणाऱ्यानं मात्र ही नोंद गंभीरपणे घ्यायला हवी.

बुटीबोरीच्या माणसाकडे परत जाऊ. एका रात्रपाळीनंतर पहाटे साडेपाचला त्याच्या छातीच्या मधोमध दडपल्यासारखं होऊ लागतं. डावा हात जड, जबड्यात ओढ, कपाळावर गार घाम. ‘रात्री वडे खाल्ले होते, पित्त झालं असेल’ असं म्हणून तो सोडा पितो आणि आडवा होतो. बायको म्हणते, ‘अहो, दवाखान्यात जाऊ या.’ तो म्हणतो, ‘थोडं थांब, गॅस आहे, उतरेल.’

या वेळी आत काय झालेलं असतं? तरुण वयात धमनीतला चरबीचा थर बहुधा मोठा नसतो. तो मऊ असतो आणि त्यावरचं आवरण पातळ असतं. त्यानं धमनी निम्मी अडलेली असली तरी रक्त पुरेसं वाहत राहतं. त्यामुळे जिना चढताना दम लागत नाही आणि पट्ट्यावर पळवून केलेली टीएमटीही नॉर्मल येऊ शकते. ही चाचणी रक्तप्रवाहातला मोठा अडथळा ओळखते, मऊ थर ओळखत नाही. एके दिवशी ते आवरण फाटतं. तंबाखूच्या धुरानं आधीच चिकट झालेल्या रक्तकणिका तिथे जमतात आणि काही मिनिटांत गुठळी धमनी बंद करते. वयस्क माणसात वर्षानुवर्षांच्या अडथळ्यामुळे हृदयानं आजूबाजूला बारीक पर्यायी वाहिन्या तयार केलेल्या असतात. बेचाळीस वर्षांच्या माणसाला तेवढा वेळच मिळालेला नसतो. म्हणून ‘काल तर धडधाकट होता’ हे घरच्यांचं म्हणणं अगदी खरं असतं.

अर्ध्या तासात हृदयाचे स्नायू मरू लागतात. पहिल्या एक-दोन तासांत गुठळी विरघळली तर बराच भाग वाचतो, सहा तासांनंतर फार थोडा. पण देशातल्या ५० शहरांतले वीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदवणाऱ्या ‘क्रिएट’ या अभ्यासात, धमनी पूर्ण बंद झालेल्या निम्म्या रुग्णांना दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोहोचायला सहा तासांहून जास्त वेळ लागला होता. पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारं औषध सुरू व्हायला मात्र साधारण ५० मिनिटं. म्हणजे बहुतेक वेळ गेला तो घरी, वाटेत आणि ईसीजीची सोय नसलेल्या दवाखान्यात.

आपला माणूस साडेदहाला रुग्णालयात पोहोचतो. पाच तास गेलेले. ईसीजीवर हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका स्पष्ट दिसतो. ॲस्पिरिन चावायला देतात, टेनेक्टेप्लेसचं इंजेक्शन देतात, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत डाव्या बाजूची पुढची मोठी धमनी अडलेली सापडते आणि स्टेंट बसतो. तो वाचतो. पण हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता, जी साधारण ६० टक्के असायला हवी, ती ३८वर आलेली असते. रात्रपाळी आणि जड काम सुटतं. साडेपाचलाच १०८ला फोन केला असता आणि ईसीजी निघाला असता, तर स्नायूंचा बराचसा भाग वाचण्याची संधी होती. कधीकधी पहिला ईसीजीही नॉर्मल येतो. म्हणून दुखणं चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळानं पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ताची चाचणी काही तासांच्या अंतरानं दोनदा करतात. एका नॉर्मल पट्टीवर ‘गॅस आहे’ म्हणून घरी परतणं धोक्याचं.

वयाचा प्रश्न खरा इथे येतो. हृदयाच्या तपासण्या ‘चाळिशीनंतर’ करायच्या, हा सल्ला अशा देशांतून आला आहे जिथे झटका साठीजवळ येतो. आपल्याकडे चाळीस म्हणजे अनेकांसाठी उशीर. कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी विशीतच व्हावी, तिच्यासोबत रक्तदाब, साखर आणि पोटाचा घेर पाहावा, आणि वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत अथवा आई-बहिणीला ६५च्या आत झटका आला असेल तर लायपोप्रोटीन-एही मोजावं. अमेरिकेच्या २०१८च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला आहे. म्हणजे तिथल्या एखाद्या मराठी अभियंत्याचा आकडा काठावर असेल तर डॉक्टर त्याला औषध देण्याचा विचार लवकर करतात. इथल्या कंपनीच्या तपासणीत त्याच आकड्याला ‘तेल कमी करा’ एवढंच उत्तर मिळतं.

हातात असलेल्या गोष्टींचा परिणाम दिसायला फार काळही लागत नाही. इंटरहार्टमध्ये धूम्रपान सोडून तीन वर्षं होईपर्यंत झटक्याची शक्यता, ओढत राहणाऱ्यांच्या जवळपास तिपटीवरून, दुपटीच्या खाली आली होती. स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी एलडीएल काही आठवड्यांत खाली येतं.

बुटीबोरीच्या माणसाला रुग्णालयातून सोडताना त्याच्या कागदांवर गोळ्यांची नावं, पथ्य आणि पुढच्या भेटीची तारीख लिहिलेली असते. त्याचा ३८ वर्षांचा धाकटा भाऊ पाच दिवस खाटेशेजारी बसून होता. तोही खर्रा खातो, त्याचंही पोट सुटलेलं आहे, वडील तेच. त्याची नॉन-एचडीएल, साखर, रक्तदाब आणि लायपोप्रोटीन-ए तपासायला त्याच दिवशी रक्त घेणं आणि दंडाला पट्टा बांधणं पुरेसं होतं. ज्या घरात पन्नाशीच्या आत एक झटका आला आहे, तिथे पुढचा रुग्ण शोधायला कुठे लांब जावं लागत नाही.